मदत हवी आहे: आवाज बंद ठेवून बघणाऱ्यांना चपलेचा 'कर्र कर्र' कसा दाखवू?

रंकाळाकाठ
मामांचं चप्पल लाईनला दुकान आहे. त्यांच्यासाठी ५० सेकंदांचा उभा व्हिडिओ केलाय. मामा चामडं कापता कापता बोलतात. शेवटी गिऱ्हाईक नवी चप्पल घालून निघतं, ती कर्र कर्र वाजते आणि कट्ट्यावर पेपर वाचणारे आजोबा मान वर करून बघतात. घरी सगळे हसले. काल मावशीनं बसमध्ये आवाज बंद ठेवून बघितला आणि मला फोन केला, "ते आजोबा का चिडलेत रे?"

दुसरी अडचण म्हणजे मामांचं हे वाक्य: "ही चप्पल नवी घातली की पहिले पंधरा दिवस चावते, मग पाय तिला ओळखतो." मामा ते तीन सेकंदांत उरकतात. कॅप्शन टाकलंय, पण मावशी म्हणते वाचून व्हायच्या आत जातंय. काय करू?

तांबडा_रस्सा
भावा, सोप्पंय. ऑटो कॅप्शन लाव, एकेक शब्द उड्या मारत येतो तसला. लोक खिळून बघतात.

शाहूपुरीकर
मागं हातोडीची ठकठक असेल तर ती कमी करायचा फिल्टर असतो. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत बँडचा आवाज असाच कमी केलेला.

रंकाळाकाठ
दादा, आवाज चांगलाच आहे. तो बंद असताना काय दाखवायचं, हा प्रश्न आहे.

ओळ_दुसरी
मी सबटायटलचं काम करते. आधी वाक्य बघू. तेरा शब्द आहेत आणि वेळ तीन सेकंद. डोळ्यांना नुसती ओळ वाचायची नसते, मामांचे हातही बघायचे असतात. अशा वेळी मी सेकंदाला अडीच शब्द धरते, म्हणजे इथे पाच सेकंद हवेत. तेव्हा वाक्य छाटा आणि दोन तुकडे करा: "नवी चप्पल पंधरा दिवस चावते" दोन सेकंद, मग "पाय तिला ओळखतो" दीड-दोन सेकंद. एकत्र दाखवलं तर मामा "चावते" म्हणायच्या आत बघणारा शेवट वाचून मोकळा होतो. कमी पडणारा सेकंद मामांच्या तोंडावर ताणू नका, ओठ आणि ओळ जुळणार नाहीत. हातांच्या क्लोजअपवर जा आणि तो शॉट लांबवा. दुसरी ओळ त्याच कटवर आणा. कटच्या चार-पाच फ्रेम इकडेतिकडे झाली की डोळा दोनदा दचकतो.

उड्या मारणारे शब्द एखाद्या ठसकेबाज वाक्याला ठीक आहेत. पण ५० सेकंद तेच चाललं तर नजर अक्षरांवरच राहते, चामडं कोण बघणार?

आणखी एक. सबटायटलचं सॉफ्टवेअर मराठी ओळ जास्त लांब समजून विनाकारण लाल दाखवतं. बरीच सॉफ्टवेअर काना-मात्रा आणि जोडाक्षरातला हलंतही वेगळा मोजतात. "कोल्हापुरी"त चारच अक्षरं, पण तिथे मोजणी येते दहा. त्या आकड्यावर जाऊ नका, घड्याळ लावून वाचून बघा.

रंकाळाकाठ
आणि कर्र कर्र? प्रत्येक पावलाला अक्षरं टाकून बघितली, नुसती लुकलुक झाली.

ओळ_दुसरी
होणारच. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत अर्ध्या सेकंदाला एक पाऊल पडत असेल, तर शब्दाला पंधराच फ्रेम मिळतात. पायाकडे बघणाऱ्याला तेवढ्यात शब्द दिसत नाही. फक्त पहिल्या पावलाला "कर्रर्र" लिहा. टाच जमिनीला टेकते त्याच फ्रेमला, चपलेच्या अगदी शेजारी, आणि सेकंदभर राहू द्या. शब्द खाली पट्टीत टाकलात तर तो कुणीतरी बोलल्यासारखा वाटेल, शिवाय तिथे ॲपचं नाव-वर्णन येऊन बसतं. पुढच्या पावलांना अक्षरं नकोत.

मग आजोबा. आत्ता ते आधीच वर बघत असतील, म्हणून चिडलेले वाटतात. शॉट थोडा अलीकडून घ्या: पेपरात घातलेली मान, पाऊल, मग वर आलेली मान. नंतर त्यांच्या नजरेतून थेट चपलेवर कट. कशामुळे बघितलं ते म्यूटवरही कळेल.

पंचगंगा_घाट
माझ्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून एक सांगते. वाक्य छाटलं की तो चिडतो. "मामा पाच शब्द जास्त बोलले, मला कमी का?" ओठांवरून त्याला कळतं. बसमधल्या मावशीसाठी छाटलेलं त्याला फसवणूक वाटते.

ओळ_दुसरी
त्याचं बरोबर आहे. त्याच्यासाठी पूर्ण वाक्य आणि लांब शॉट, म्हणजे व्हिडिओच मोठा. दोघांना एकच कॉपी पुरेल असं मला अजून जमलेलं नाही. निदान मामांचं "लई" पुसून "खूप" तरी करू नका.

रंकाळाकाठ
आजोबांचा शॉट अलीकडून घेतला. मावशीला पुन्हा म्यूटवर दाखवला, ह्या वेळी हसली. वाक्य मात्र अख्खंच ठेवलंय, दोन तुकड्यांत पाच सेकंद, हातांचा शॉट लांबवून. आता मामा म्हणतात, "माझं तोंडच दिसत नाही की रे!"