पहिल्यांदाच ज्ञानेश्वरी वाचायलोय: दांडेकरांची घेऊ की राजवाड्यांची?

बालाघाट: आजोबांची पोथी जीर्ण झाली, म्हणून नवी ज्ञानेश्वरी घ्यायची आहे. सप्ताहात ऐकलीय, सलग कधी वाचली नाही. इथं अंबाजोगाईत सोनोपंत दांडेकरांची सार्थ मिळते. ओळखीचे एक सर राजवाड्यांची जुनी प्रत कमी पैशात द्यायला तयार आहेत. त्यांची मूळ पोथी आपल्या बीडच्या पाटांगणातली, म्हणून ओढ तिकडंच. पण दोन पानं चाळली तर निम्मं डोक्यावरून गेलं. दोन्ही आत्ता परवडत नाहीत. आधी कोणती?

मन्याडकाठ: राजवाड्यांचीच घे. ती अस्सल माउलींची. बाकी सगळ्या नाथांनी बदललेल्या.

तुळशीमाळ: सात दिवसांचं पारायण असेल तर ठळक टाइपाची घ्या, बाकी काही बघू नका. माझ्या आईचे बारीक अक्षरानं फार हाल झाले.

गोदातीर: तुळशीमाळताई, त्यांना पारायण नाही, अर्थ लावत वाचायचंय.

मन्याडकाठ, निम्मं बरोबर. राजवाड्यांनी 1909 ला छापलेली प्रत नाथांच्या आधीची मानतात, पण तीही नक्कलच, माउलींच्या हातची नव्हे. नाथांनी शके 1506 ला प्रत शुद्ध केली, ती पाठांतरात बिघाड झाला होता म्हणून. वर बजावलं, की यात जो आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली. असा माणूस मनानं बदलील का?

बालाघाट, दांडेकरांकडं ओवीबरोबर आजच्या मराठीत अर्थ आहे. राजवाड्यांकडं तो नाही, तुम्ही अडलात ते तिथंच. पसायदानातलं ‘विश्व स्वधर्मसूर्यें पाहो’ घ्या. ‘पाहो’ म्हणजे बघो, असं आपण धरून चालतो. पण जुन्या मराठीत पाहणे म्हणजे उजाडणेही, पहाट आठवा. आधीच्या चरणात अंधार जावो म्हटलंय, मग सूर्यानं विश्व उजळो हेच मला जुळतं. नुसती संहिता हातात असली की अशी शंकाच येत नाही, अन् आली तर जुना कोश शोधत बसावं लागतं. म्हणून आधी दांडेकर. फक्त अर्थ वाचून ओवी सोडू नका, आधी ओवी मोठ्यानं म्हणा.

मन्याडकाठ: पण सार्थ घेतली की एकाच माणसाचा अर्थ डोक्यात बसतो, त्याचं काय?

गोदातीर: बसतो, खरंय. त्यावर माझ्याकडं उपाय नाही.

एक राहिलं. राजवाड्यांच्या 8896 ओव्या, प्रचलित प्रतीत शंभरावर जास्त. सप्ताहात महाराज ओवीचा आकडा सांगतात तो राजवाड्यांत जुळेलच असं नाही. अध्याय अन् पहिला चरण लिहून ठेवत जा.

बालाघाट: दांडेकर घेतो. सरांना सांगितलं, ते दिवाळीपर्यंत प्रत ठेवतायत. पण त्या जास्तीच्या ओव्या कोणत्या, याची अध्यायवार यादी कुणाकडं आहे का?