साठाचं नव्वद मागताहेत, हे पत्र गाळामालकांना देऊ का?

तव्यावरचा: पुण्यात माझी छोटी खानावळ आहे, 650 चौरस फूट. लिव्ह-लायसन्स तीन महिन्यांत संपतंय. मसुदा असा:

"आदरणीय काका, सा. न. पाच वर्षांत भाडं एकदाही थकलं नाही. आपण 60,000 चे 90,000 सांगितलेत. माझी महिन्याची विक्री साडेसहा लाख, एवढं झेपणार नाही. 70,000 आणि दरवर्षी 5 टक्के वाढ, अशी पाच वर्षं द्यावीत ही विनंती."

चार_टक्के: विनंती कसली? 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात वर्षाला 4 टक्क्यांची मर्यादा आहे. तेच कलम पत्रात टाका.

हिशेबनीस: ते जुन्या भाडेकरूंना, पागडीवाल्यांना. लिव्ह-लायसन्सची मुदत संपली की त्यांनी दीड लाख मागितले तरी कायदा आडवा येत नाही. कलम दाखवलंत तर काका बिथरतील, एवढंच होईल.

तव्यावरचा, विक्रीचं वाक्य आधी काढा. शनिवारी दारात रांग दिसते त्यांना, आकडा खोटा वाटेल. त्यापेक्षा त्यांचा हिशोब मांडा. तुम्ही गेलात आणि गाळा तीन महिने रिकामा राहिला, तर 2,70,000 बुडाले. एक महिन्याची दलाली धरा, झाले 3,60,000. तुमच्या सत्तरात आणि त्यांच्या नव्वदात फरक वीस हजारांचा, म्हणजे ही तूट भरायला दीड वर्ष.

आणि जीएसटी वर की आत, ते लिहाच. तुम्ही 5 टक्क्यांत असाल तर भाड्यावरच्या 18 टक्क्यांचं क्रेडिट मिळत नाही. नव्वदाचे खिशातून 1,06,200 जातात.

गाळेवाली_मावशी: मी मालकीण आहे. चांगल्या रस्त्यावरचा गाळा पंधरा दिवसांत जातो, तीन महिने कुठून आणले? मेडिकलवाला 85 देतो, वर फोडणीचा धूर नाही, वरच्या मजल्यावरच्यांची भांडणं नाहीत. माझ्या खानावळवाल्याच्या चिमणीचं तेल भिंतीवरून ओघळत होतं, सोसायटीची पत्रं मला यायची. त्याबद्दल पत्रात एक अक्षर आहे का?

हिशेबनीस: धुराचं मान्य, मावशी. पण सगळेच गाळे पंधरा दिवसांत गेले असते तर "भाड्याने देणे आहे"च्या पाट्या वर्षभर टांगलेल्या दिसल्या नसत्या.

नवी_पेठ: आमच्या फ्लॅटमालकाने डिपॉझिट अडकवलंय, त्याला असं पत्र चालेल का?

गाळेवाली_मावशी: अहो, इथे दुकानाचं चाललंय. वेगळं विचारा.

तव्यावरचा: मावशींचं लागलं मला. आमचाही डक्ट दोन वर्षं धुतलेला नाही. विक्रीचं वाक्य काढलं. आता असं लिहितोय: "75,000 आणि दरवर्षी 5 टक्के. चिमणी आणि डक्ट दर तीन महिन्यांनी आमच्या खर्चाने धुऊन पावती देऊ. लॉक-इन दोन्ही बाजूंनी तीन वर्षं."

चार_टक्के: पाच हजार उगाच सोडलेत.

हिशेबनीस: शेजारच्या गाळ्यांचे भाव नोंदवलेल्या करारांतून काढा, दलालाच्या तोंडून नको. जीएसटीचं काय?

तव्यावरचा: काकांची नोंदणी आहे का, तेच माहीत नाही. उद्या चहाला बोलावलंय त्यांना.