मॉडेल ८६% म्हणतंय, प्रत्यक्षात ७०% सुद्धा येत नाही. प्लॅट की आयसोटॉनिक? सल्ला हवा

लातूरचा_बॅकबेंचर
प्रीमियर लीगच्या मॅचेसवर मॉडेल केलंय. प्रश्न एकच, घरचा संघ जिंकेल की नाही. ड्रॉ म्हणजे 'नाही'. XGBoost, २००० झाडं, खोली ८. २०१२-१३ ते २०१९-२० वर शिकवलं, २०२०-२१ आणि २०२१-२२ बाजूला ठेवले होते. म्हणजे ७६० मॅचेस.

त्यातल्या ९२ मॅचेसना मॉडेलने ०.८० च्या वर शक्यता दिली, सरासरी ०.८६. घरचा संघ जिंकला ६४ वेळा, म्हणजे ०.६९६. खालच्या टोकाला उलट रड: मॉडेल ०.१५ म्हणतं तिथे चारात एकदा घरचा संघ जिंकतोच.

पैसे लावत नाही. २०२५ च्या कायद्याने ऑनलाइन पैशाचे खेळ बंद झालेत, आणि त्याआधीही बापाने घरातून काढलं असतं. सगळं एक्सेलमध्ये, काल्पनिक एक लाखावर. पण ते लाखही, भांडवलातला किती हिस्सा लावायचा ते सांगणाऱ्या केली सूत्राने, दिवाळीच्या आत संपवले. शक्यता दुरुस्त करायला प्लॅटचं लॉजिस्टिक वापरू की आयसोटॉनिक?

बीडचा_बाप्पा
आजची फिक्स मॅच कोणती तेवढं सांगा बाप्पा, बाकी झाडं-बिडं ऱ्हाऊ द्या.

नांदेड_डेटावाला
आयसोटॉनिक डोळे झाकून. लॉजिस्टिक आधीच ठरवून टाकतं की वक्र 'एस'सारखाच असणार, आयसोटॉनिक कुठलाही आकार पकडतं. `CalibratedClassifierCV(model, method="isotonic", cv=5)` एवढं टाका, काम झालं.

परभणी_संख्याशास्त्र
आकाराबद्दल नांदेडकरांचं बरोबर आहे, बाकीचं नाही.

आधी cv=5. त्यात एक भाग बाजूला काढून उरलेल्या चारांवर मॉडेल शिकतं. म्हणजे २०१३ च्या मॅचेस तपासताना त्याने २०१९ च्या आधीच पाहिलेल्या असतात. खऱ्या पैजेत ती सोय नसते. मागच्या हंगामांवर शिकवा, पुढच्यावर दुरुस्ती, त्याच्याही पुढच्यावर परीक्षा.

आता आयसोटॉनिक. ते मॅचेस मॉडेलच्या शक्यतेप्रमाणे रांगेत लावतं आणि वर चढताना जिथे निकाल खाली घसरतो तिथे शेजारच्या गटांना एकत्र करून सरासरी देतं. बनतात पायऱ्या. मधल्या पायऱ्यांत शे-दीडशे मॅचेस असतात, तिथे बरं चालतं. टोकाला मूठभर उरतात. लातूरकर, तुमची सगळ्यात वरची पायरी काढून बघा. त्यातल्या सगळ्या मॅचेस घरच्या संघाने जिंकल्या असतील तर आयसोटॉनिक तिथे चक्क १.०० देईल. केलीला १ दाखवलात की तो सगळं भांडवल लावायला सांगतो. हजाराच्या आत नमुने असतील तर मी लॉजिस्टिकच घेते, कारण त्याला दोनच आकडे शिकायचे असतात.

मात्र ते शक्यतेवर नाही, शक्यतेच्या लॉजिटवर बसवा:

```python
p = np.clip(p, 1e-4, 1 - 1e-4)
z = np.log(p / (1 - p)).reshape(-1, 1)
cal = LogisticRegression(C=1e6).fit(z, y)
print(cal.coef_, cal.intercept_)
```

उतार १ च्या खाली आला म्हणजे मॉडेल फुशारक्या मारतंय. १ च्या वर आला तर ते उगाच बिचकतंय.

आणि २०२०-२१ काढून टाका. तो रिकाम्या मैदानांचा हंगाम. पाहुण्यांनी १५३ जिंकल्या, घरच्यांनी १४४. तो धरलात तर मॉडेल घरच्या संघाला कायमचं कमी लेखायला शिकेल.

लातूरचा_बॅकबेंचर
ताई, केलं. दुरुस्तीला २०२१-२२ आणि २०२२-२३ घेतले, परीक्षेला २०२३-२४.

उतार ०.५५, स्थिरांक −०.१०. रिकाम्या मैदानांचा हंगाम धरला होता तेव्हा स्थिरांक −०.२४ येत होता, उताराला फारसा फरक नाही. ०.८६ चा लॉजिट १.८२, त्याला ०.५५ ने गुणून ०.१० वजा केले की ०.९०, म्हणजे शक्यता ०.७१.

माझा एक्सेल कुठे बुडाला तेही कळलं. एका मॅचला भाव होता १.३५. मॉडेलच्या ०.८६ ने शंभराला सोळा रुपये फायदा दिसत होता आणि केली म्हणत होता ४६% भांडवल लाव! ०.७१ धरलं तर ०.७१ × १.३५ = ०.९६, म्हणजे तोट्याचीच पैज.

आयसोटॉनिकची वरची पायरी: ९ मॅचेस, नऊही जिंकलेल्या, शक्यता १.००. परीक्षेच्या हंगामात त्या पायरीवरची एक मॅच ड्रॉ झाली. चुकीच्या अंदाजाला दंड लावणारा लॉग लॉस फुटला.

नांदेड_डेटावाला
मग ०.०२ आणि ०.९८ वर कापा की. आयसोटॉनिकचा दोष नाही, टोकं सांभाळायची असतात.

परभणी_संख्याशास्त्र
कापता येतं. पण ०.९८ कुठून आणलं, ते तुम्ही हाताने ठरवलं. पाच-सहा हजार मॅचेस असत्या तर मी भांडले नसते.

औंढ्याचा_शेतकरी
विषय थोडा वेगळा हाय. मोबाईलवर पाऊस ८०% दाखवतंय आन् आमच्या शिवारात टिपूस नाही. औंदा जूनमधे वहीत लिहिलं, ८०% वाले १७ दिवस, पडला ९ दिवस. सोयाबीन पेरायच्या आधी हे तुमचं गणित लावता येईल का?

परभणी_संख्याशास्त्र
दादा, विषय तोच आहे. अशा अंदाजांना गुण देण्याची पद्धत १९५० मध्ये ब्रायर या हवामानवाल्यानेच मांडली. वही चालू ठेवा, पण १७ दिवसांवर पेरणी ठरवू नका. शिवाय मोबाईलचा अंदाज मोठ्या पट्ट्याचा असतो, तुम्ही मोजता एका शिवारात. पाऊस शेजारच्या गावात पडून गेला तर अंदाज खोटा धरायचा का, हे आधी ठरवावं लागेल.

औंढ्याचा_शेतकरी
शेजारच्या गावात पडून मला काय फायदा ताई.

लातूरचा_बॅकबेंचर
परत अडलोय. परीक्षेच्या ३८० मॅचेसवर लॉग लॉस ०.७१ वरून ०.६३ ला आला, गटागटाने बघितलं तर शक्यता जुळतात. पण भावापेक्षा मॉडेल वर आहे अशा मॅचेसच निवडल्या तर ५८ निघाल्या. सरासरी शक्यता ०.५६, जिंकल्या २६, म्हणजे ०.४५. दुरुस्त केलेलं मॉडेल परत फुशारकी कसं मारतंय?

नांदेड_डेटावाला
५८ मॅचेस म्हणजे नशीब. साडेबत्तीस यायला हव्या होत्या, चार इकडे-तिकडे होतातच.

परभणी_संख्याशास्त्र
साडेसहाचा फरक आहे, पावणेदोन प्रमाण विचलनं. नशीब असू शकतं, पण मला दुसरी शंका आहे. दुरुस्ती तुम्ही सगळ्या मॅचेसवर केली आणि पैज लावताय ती फक्त बाजाराशी भांडण असलेल्या मॅचेसवर. मॉडेल जिथे चुकून वर गेलंय नेमक्या त्याच मॅचेस अशा चाळणीतून खाली पडतात. सरासरीला बरोबर असलेली शक्यता निवडलेल्या मॅचेसमध्ये बरोबर राहीलच असं नाही.

बाजाराचाही लॉजिट त्याच लॉजिस्टिकमध्ये दुसरा स्तंभ म्हणून घाला. तिन्ही भावांचे व्यस्त काढा, बेरजेने भागा म्हणजे बुकीचा कट निघेल, मग घरच्या संघाची शक्यता घ्या. पण परीक्षेच्या हंगामावर हे बसवू नका, दुरुस्तीच्या दोन हंगामांवरच.

लातूरचा_बॅकबेंचर
बाजाराचा गुणक ०.९६, माझ्या मॉडेलचा ०.०८. आता भावापेक्षा वर अशी एकही मॅच उरत नाही. आठ महिन्यांचं काम ०.०८!

परभणी_संख्याशास्त्र
भाव कोणते घेतलेत? मॅच सुरू होतानाचे असतील तर त्यात संघनिवड, दुखापती सगळं आलेलं असतं, तुमच्या मॉडेलला ते माहीतच नाही. दोन दिवस आधीचे भाव घेऊन परत बसवा. ०.०८ ची प्रमाण त्रुटीही बघा, ७६० मॅचेसवर ती ०.०८ पेक्षा मोठी निघाली तर मला नवल वाटणार नाही.

बीडचा_बाप्पा
म्हंजे फिक्स काहीच नाही का?

लातूरचा_बॅकबेंचर
बाप्पा, काहीच नाही. ताई, शेवटचेच भाव होते. दोन दिवस आधीचे माझ्याकडे फक्त तीन हंगामांचे आहेत, त्यातला एक रिकाम्या मैदानांचा. उरलेल्या दोनांत दुरुस्ती आणि परीक्षा कशी वाटू?