मदत हवी आहे: मर्ज सॉर्टमध्ये असमान तुकडे केले तर n log n टिकतं का?

मर्ज सॉर्टचा हिशोब मी 8 आकड्यांवर हाताने केला. सर्वात वर 8 ची एक यादी, खाली 4 च्या दोन, मग 2 च्या चार. प्रत्येक पातळीवर यादी लहान होते, पण याद्यांची संख्या दुप्पट होते, म्हणून जोडताना एकूण 8 आकडेच हलवावे लागतात. अशा पातळ्या 3, कारण 8 तीनदा अर्धा केला की 1 उरतो. काम 8 × 3 = 24. इथपर्यंत पटलं.

आधी मी "अर्धं करणं + n काम" एवढंच सूत्र पाठ केलं होतं आणि तिथेच फसलो. एकच अर्धा ठेवून दुसरा टाकून दिला, तर 1024 साठी 1024 + 512 + … + 2 = 2046, म्हणजे 2n च्या आतच. दोन्ही अर्धे सांभाळले, तरच दहाही पातळ्यांवर पूर्ण 1024 काम पडतं.

आता अडलोय ते इथे. तुकडे पाव आणि पाऊण असे केले तर?

```
T(n) = T(n/4) + T(3n/4) + n
```

1024 साठी पावाची फांदी 5 पातळ्यांत संपते, पाऊणची साधारण 24 पर्यंत जाते. पहिल्या 5 पातळ्यांवर काम पूर्ण n आहे, त्यानंतर ते कमी होत जातं. म्हणजे उत्तर 5n आणि 24n यांच्या मध्ये, आणि दोन्ही टोकं n log n चीच. हा युक्तिवाद पुरेसा आहे का? मधल्या पातळ्यांवरचं काम नेमकं कसं मोजायचं, हे कुणी पायरीने दाखवाल का?