आपला फोटो दुसऱ्याच्या पेजवर दिसला तेव्हा तुम्ही काय केलंत? अनुभव सांगा

खाडीकाठचा (ऐरोली)

जानेवारीत ऐरोलीहून भरतीची वेळ साधून बोटीने खाडीत गेलो होतो. दोनशेएक फोटोंतून एक मनासारखा आला. फ्लेमिंगोंचा थवा पाण्यावरून उठतोय आणि मागे धुक्यात पूल. दोन दिवसांनी शेजारच्या काकूंनी तोच फोटो मला फॉरवर्ड केला, वर लिहिलेलं, "बघ किती सुंदर, तूही असे काढत जा." आपल्याच भागातल्या एका मोठ्या पेजवर तो पडला होता. उजव्या कोपऱ्यातलं माझं नाव कापलेलं होतं आणि त्या नादात एका पक्ष्याचे पायही गेले होते.

रागाने कमेंट टाइप केली, मग खोडली. आधी पुरावा घेतला. पेजचं नाव, पोस्ट आणि तारीख एकत्र दिसतील असे स्क्रीनशॉट काढले आणि त्या पोस्टची लिंक कॉपी करून ठेवली. कळवल्यावर पोस्ट गायब झाली तर हातात काहीच उरत नाही, म्हणून हे मेसेजच्या आधी. मूळ फाइल तर होतीच, शिवाय त्याच उड्डाणाच्या आधीच्या-नंतरच्या सहा फ्रेम होत्या. त्या दुसऱ्या कोणाकडे असूच शकत नाहीत.

मग इनबॉक्समध्ये एवढंच लिहिलं:

"नमस्कार. आपल्या पेजवर काल आलेला फ्लेमिंगोंचा फोटो मी काढलेला आहे. माझ्या पेजवर तो त्याच्या दोन दिवस आधी आला, दोन्ही लिंक खाली देत आहे. तो वापरायची परवानगी मी दिलेली नाही. कृपया उद्या रात्री नऊपर्यंत पोस्ट काढावी. मूळ फाइल पाहायची असल्यास दाखवतो."

"चोरी" हा शब्द मुद्दाम टाळला. उत्तर आलं, "दादा, क्रेडिट देतो ना, तुमचंच प्रमोशन होईल." मी लिहिलं, "धन्यवाद, पण क्रेडिट नको, पोस्ट काढावी." त्यावर "गुगलवरून घेतला होता" आणि मग नुसतंच 'सीन'. नऊ वाजून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या साइटचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भरला. पहिल्यांदा मी पेजची लिंक दिली, तर त्यांनी नेमक्या पोस्टची मागितली. ती दिल्यावर दोन दिवसांत फोटो गेला. पेजवाल्यांनी काढला की वरून काढला गेला, ते काही कळलं नाही.

तुम्ही कसं हाताळलंत?

नौपाड्याची सुगरण

माझं उलटं झालं. पुरणपोळीची कृती मी आजीच्या बोलीत लिहिली होती, "पुरण शिजलं की झारा त्यात उभा राहिला पाहिजे" वगैरे. एका पेजने ती जशीच्या तशी उचलली. माझ्याकडून 'वेलची'चं 'वेचली' झालं होतं, तेही तसंच! मी भिडस्तपणे "निदान नाव तरी द्या" म्हणाले. त्यांनी दिलं, पण चाळीस कमेंटखाली. परत बोलले तर "तुम्हीच नाव मागितलं होतं, दिलं की ताई."

पामबीचकर

सरकारदरबारी कॉपीराइट नोंदवल्याशिवाय कोणी विचारत नाही, उगाच शक्ती घालवू नका. फोटोच्या मधोमध मोठ्ठं नाव टाका, प्रश्न मिटला.

कागदपत्रे (वाशी)

पामबीचकर, नोंदणीचं म्हणणं बरोबर नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे हक्क फोटो काढला, मजकूर लिहिला की आपोआप मिळतो. नोंदणी असली तर भांडण कोर्टात गेल्यावर पुरावा म्हणून कामाला येते, एवढंच. मधोमध नाव टाकण्याबद्दल ज्याची त्याची आवड. मला तरी तो फोटो बघवत नाही.

सुगरणताई, तुमच्या कृतीत दोन गोष्टी वेगळ्या करा. डाळ किती, गूळ किती, हे कोणाच्याच मालकीचं नाही. उद्या कोणी तेच प्रमाण स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर काही म्हणता येत नाही. झारा उभा राहण्याचं वाक्य मात्र तुमचं, आणि ती 'वेचली' तर पुराव्यात पहिली ठेवा. तक्रारीत साहित्याची यादी सोडा, उचललेली वाक्यं समोरासमोर ठेवा.

आणि 'नाव द्या' व 'काढा' यांतलं एकच मागायचं, तेही मेसेज लिहिण्याआधी ठरवून. नाव मागितलंत म्हणजे नाव दिल्यास चालेल असं तुम्हीच सांगितलंत. मग तक्रारीचा पाया कच्चा होतो. नावच हवं असेल तर जागाही सांगा: मजकुराच्या पहिल्या ओळीत, पेज टॅग करून, आजच. पोस्ट दोन दिवसांत जुनी होते, चौथ्या दिवशी आलेल्या नावाला कोण बघतं?

खाडीकाठचा, फॉर्ममध्ये दिलेलं नाव आणि ईमेल समोरच्याला कळवलं जाऊ शकतं. त्यासाठी वेगळा ईमेल ठेवा, घरचा देऊ नका. आपल्याकडच्या २०१३ च्या कॉपीराइट नियमांत अशी लेखी तक्रार नीट पोचली की साइटने ३६ तासांत त्या मजकुराचा रस्ता बंद करायचा असतो. पण तो बंद राहतो २१ दिवस. तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो परत खुला करता येतो. अर्थात एका फोटोसाठी कोणी कोर्टात जात नाही, आणि सहसा तशी वेळ येत नाही.

सानपाडा_सई

माझ्या बहिणीच्या नावाने कोणीतरी खोटं अकाउंट काढून तिचे फोटो लावलेत. हाच फॉर्म भरू का?

कागदपत्रे (वाशी)

नाही, ते तोतयाचं प्रकरण. त्याची तक्रार वेगळी असते आणि ती बहिणीने स्वतः केलेली बरी. कॉपीराइटमध्ये शिरलात तर "फोटो काढला कोणी" इथेच अडकाल. तो मैत्रिणीने काढलेला असला तर हक्क मैत्रिणीचा.

घोडबंदरचा अ‍ॅडमिन

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. मी असंच एक पेज चालवतो. लोक इनबॉक्समध्ये "मी काढलाय" म्हणून फोटो पाठवतात, आम्ही टाकतो. उपवनच्या एका फोटोवर तीन जणांनी हक्क सांगितला होता! कधीकधी आम्हीही नाव न शोधता उचलतो, खोटं कशाला बोलू.

उघड कमेंटमध्ये कोणी "चोर" म्हटलं की आमची पोरं आधी कमेंट उडवतात, मग ब्लॉक करतात, आणि खरं कोण हे बघायचं राहूनच जातं. दोन लिंक, एक मागणी आणि वेळ दिलेला मेसेज आला की मी त्याच दिवशी काढतो, कारण अशा माणसाचं पुढचं पाऊल तक्रार असतं हे कळतं. वारंवार तक्रारी आल्या तर पेजच जातं, त्याची भीती असतेच.

सुगरण (परत मीच)

म्हणजे गोड बोलल्याचा उपयोग नाही, तारीख दिल्याचा आहे!

लग्नसराई (डोंबिवलीत काम, राहायला ठाणे)

एक गंमत सांगतो. एका हॉलवाल्याने मी काढलेला लग्नाचा फोटो जाहिरातीत वापरला. मी तावातावाने मेसेज केला. त्याने शांतपणे विचारलं, "पैसे कोणी दिले होते?" पैसे घेऊन दुसऱ्यासाठी काढलेल्या फोटोची मालकी, उलट करार नसेल तर, पैसे देणाऱ्याची असते. म्हणजे नवरा-नवरीची, आणि त्यांनीच तो हॉलवाल्याला हौसेने दिला होता. तेव्हापासून बुकिंगच्या कागदावर एक ओळ जास्त घालतो.

पामबीचकर

बरं, नोंदणीचं मागे घेतो. पण रील उलटी करून, म्हणजे डावीकडचं उजवीकडे करून टाकतात त्याचं काय? माझी तक्रार दोनदा परत आली.

खाडीकाठचा (ऐरोली)

त्याचं मलाही जमलेलं नाही. कोणाला जमलं असेल तर लिहा.

जाता जाता: काल काकूंनी आणखी एक फ्लेमिंगो पाठवला. हा माझा नव्हता. कोपऱ्यात कापलेलं अर्धं नाव दिसत होतं, त्यावरून नेरुळचा तो मुलगा शोधला आणि त्याला फक्त पोस्टची लिंक आणि तारखेचा स्क्रीनशॉट पाठवला. पुढचं काय करायचं ते तो ठरवेल.