प्रतिसाद: नियम मुलांचे, तक्ता वर्गाचा

"पहिलीच्या मुलांनी वर्गासाठी वीसच्या वर नियम सांगितले, बहुतेक सगळे 'नाही'चे. तक्त्यावर काय लिहू?"

सगळे फळ्यावर राहू द्या, गट मुलांकडूनच पाडून घ्या. 'मारायचं नाही', 'ढकलायचं नाही', 'चिमटे काढायचे नाहीत' एकत्र आले की विचारा, मग हातांनी काय करायचं? 'हात आपल्यापाशी ठेवायचे' असं काहीतरी निघतं. असे चार-पाच पुरेत. तक्त्यावर वाक्यापेक्षा चित्र मोठं हवं, अनेकांना अजून वाचता येत नाही. मुलं नियम करून दाखवतानाचे फोटो तर उत्तमच. पालकांच्या सहीसाठी घरी जाणाऱ्या नियमांच्या कागदावरही तेच शब्द, तीच चित्रं. शिक्षेची ओळ नको, पालक ती नोटीस समजतात (आणि न वाचता सही करतात!). सहीआधी मुलाने चित्र बघून पालकांना नियम सांगायचा. जिथे बरीच मुलं अडखळली, तो नियम वर्गात पुन्हा करून घ्या.