मदत हवी आहे: जुन्या फोटोतल्या अर्धवट पाटीवरून स्टेशन ओळखता येईल का?

मिरजकर_७१:
नमस्कार मंडळी. आजी-आजोबांचा हा एकच एकत्र फोटो आमच्याकडे आहे, अंदाजे १९८१-८२ मधला. दोघं फलाटावर उभे आहेत, मागे पिवळी पाटी. आजोबांच्या टोपीमुळे डावीकडचा भाग झाकला गेलाय. वरच्या ओळीत गोल गोल अक्षरं, मधे "...पुर", खाली "...PUR". आत्या म्हणते सोलापूर, कारण आजोबा कापडाच्या कामाला तिकडे जायचे. पिवळ्या रंगावरून कुठली रेल्वे ते कळेल का? आजीला जाऊन सहा महिने झाले. फोटोमागे ठिकाण लिहून फ्रेम करायची आहे.

निळा_डबा:
गाडी दिसतेय का? डबे तपकिरी-लाल असतील तर फोटो जुना, निळे असतील तर नव्वदीनंतरचा. रंगावरून हेच सगळ्यात आधी कळतं.

मिरजकर_७१:
गाडी नाहीये. काळ साधारण ठाऊक आहे, ठिकाण हवंय.

रूळवाट:
पिवळ्यावर काळी अक्षरं देशभर असतात, त्यावरून प्रांत कळत नाही. शिवाय जुन्या रंगीत प्रिंटवर लाली चढते, मग पिवळं नारिंगी दिसायला लागतं. रंगाचा नाद सोडा आणि ओळी बघा. वर राज्याची भाषा, मधे हिंदी, खाली इंग्रजी, असा क्रम बहुतेक ठिकाणी असतो. म्हणजे वरच्या गोल लिपीवरून राज्य कळेल.

मधल्या ओळीत "पु" ऱ्हस्व आहे की दीर्घ, ते भिंगाने बघाल का? मराठी पाटीवर "सोलापूर" असतं आणि हिंदीत "सोलापुर". भुसावळलाही तसंच, मराठीत ळ आणि हिंदीत ल. महाराष्ट्रातल्या पाटीवर देवनागरीच्या अशा दोन ओळी असतात.

मिरजकर_७१:
बघितलं. उकार ऱ्हस्वच आहे, आणि देवनागरीची ओळ एकच आहे. म्हणजे सोलापूर नाही?

रूळवाट:
वरची ओळ खरंच दुसऱ्या लिपीत असेल तर सोलापूर अवघड आहे. पण पाटीच्या वर आणखी एखादी ओळ कापली गेलेली नाही ना, ते आधी बघा.

मिरजकर_७१:
वरची काळी चौकट पूर्ण दिसतेय. ओळी तीनच.

हैद्राबादी_कुलकर्णी:
मग गोल अक्षरं म्हणजे तेलुगू. आमच्याकडे सिकंदराबादला अशीच पाटी आहे.

रूळवाट:
कुलकर्णी, तुमचा तर्क अर्धा बरोबर आहे. तेलुगू आणि कन्नड लांबून सारख्याच दिसतात. पण तेलुगूत बऱ्याच अक्षरांच्या डोक्यावर बरोबरची खूण असते, शाळेत गुरुजी वहीवर करायचे तशी. कन्नडमध्ये तिथे आडवी, टोकाला वळलेली रेघ असते. शिवाय तुमच्या सिकंदराबादच्या पाटीवर उर्दूही आहे, इथे ओळी तीनच आहेत. मिरजकर, वरच्या ओळीचं शेवटचं अक्षर "र" असणार. त्याच्या माथ्यावर काय दिसतं?

मिरजकर_७१:
आडवी रेघ, उजवीकडे जराशी वळलेली. खूण नाही. मोबाइलवर मोठं करून आईलाही दाखवलं.

रूळवाट:
मग कन्नड. आता फलाटाखालचे रूळ दिसत असतील तर जवळपास कोणी माणूस उभा आहे का?

मिरजकर_७१:
हो, एक खलाशी रुळांपाशीच उभा आहे. दोन रुळांमधलं अंतर त्याच्या कमरेएवढं वाटतंय.

रूळवाट:
मग मीटरगेज, दोन रुळांत एक मीटर. ब्रॉडगेजचं अंतर १.६७६ मीटर, जवळजवळ माणसाच्या उंचीएवढं. फक्त माणूस आणि रूळ कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हवेत, नाहीतर माप फसतं.

कन्नड, मीटरगेज, "पुर", आणि आजोबांचं सोलापूरकडे जाणं-येणं हे सगळं जुळवलं तर माझा पहिला अंदाज विजापूर. होटगीहून गदगकडे जाणारी लाइन तेव्हा मीटरगेज होती. पाटीवर "BIJAPUR" असणार, विजयपुरा हे नाव २०१४ मधलं. पण पुर नावाची इतर गावंही आहेत, म्हणून पक्कं म्हणत नाही. फलाटाच्या टोकाच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहिलेली असते. खाली तसा आकडा दिसतो का?

मिरजकर_७१:
आजीच्या पिशवीमागे "5" दिसतोय, पुढचे आकडे झाकलेत.

रूळवाट:
पाचशेच्या पुढे असेल तर विजापूरला जमतं. सोलापूर त्यापेक्षा खाली आहे.

मडगावची_सुमन:
मधेच विचारते, क्षमा असावी. माझ्या फोटोत देवनागरीच्या दोन ओळी आहेत, म्हणजे महाराष्ट्र धरायचा का? आमच्या गोव्यात कोंकणीही देवनागरीतच लिहितात.

रूळवाट:
सुमनताई, तिथे नुसत्या लिपीने भागणार नाही, नाव वाचावं लागेल. वेगळा धागा काढा, फोटोसकट.

मिरजकर_७१:
आत्ताच आत्याला फोन केला. ती म्हणाली, आजी नेहमी गोल घुमटाबद्दल सांगायची, पण ते कधीच्या फेरीतलं ते तिला आठवत नाही. आजोबांच्या ट्रंकेत जुन्या पावत्यांचा एक गठ्ठा आहे. रविवारी गावी जाऊन तो उघडतो. फोटोमागे तोवर पेन्सिलनेच लिहिलंय.